कम्फर्ट लेटर की कॉर्पोरेट गॅरंटी? उपकंपनीच्या कर्जासाठी होल्डिंग कंपनीने दिलेला शब्द तिला बांधतो का: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वागळे इस्टेट, महापे, रबाळे, तळोजा या पट्ट्यातल्या मध्यम आकाराच्या कंपन्यांचे कंपनी कायद्याचे काम मी करते. एक कंपनी चांगली चालायला लागली की मालक दुसरी काढतात, आणि त्या नव्या कंपनीला कर्ज देताना बँक जुन्या कंपनीकडे बोट दाखवते. तिथून पुढे जे प्रश्न माझ्याकडे येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरे भारतीय कायद्याला धरून आहेत. परदेशी निकाल आले आहेत तिथे तसे सांगितले आहे.

उपकंपनीचे कर्ज थकले तर होल्डिंग कंपनी आपोआप जबाबदार ठरते का?

नाही. शंभर टक्के शेअर असले तरीही नाही. कायद्याच्या लेखी दोन्ही कंपन्या वेगळ्या व्यक्ती आहेत आणि भागधारकाची जबाबदारी शेअरच्या न भरलेल्या रकमेपुरती असते. फसवणुकीसाठीच कंपनी उभी केली होती असे दिसले तर न्यायालय हा पडदा बाजूला करते, पण असे क्वचित घडते. म्हणून तर बँक वेगळा कागद मागते. तो कागद कोणता आणि त्यात काय लिहिले आहे, यावर सगळे ठरते.

गॅरंटी म्हणजे नेमके काय?

भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 126 मध्ये व्याख्या आहे. तिसऱ्या व्यक्तीने आपले वचन पाळले नाही किंवा देणे चुकवले, तर ते वचन पाळण्याचा किंवा ते देणे फेडण्याचा करार म्हणजे हमीचा करार. यात तीन पक्ष असतात: कर्ज देणारी बँक, कर्ज घेणारी कंपनी आणि हमीदार.

याला जोडून कलम 128 वाचायला हवे. हमीदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, करारात वेगळे ठरले असेल तरच ती कमी होते. म्हणजे बँकेने आधी उपकंपनीवर दावा करायचा, तिची मशिनरी विकायची आणि उरलेल्यासाठी मग तुमच्या दारात यायचे, असा क्रम नाही. ‘आधी त्यांच्याकडून वसूल करा’ हे उत्तर हमीदाराला देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या प्रकरणात फार पूर्वीच स्पष्ट केले आहे.

‘आम्हाला या गॅरंटीच्या बदल्यात काहीच मिळाले नाही’ हा बचावही टिकत नाही. कलम 127 प्रमाणे मूळ कर्जदाराच्या फायद्यासाठी बँकेने जे काही केले, म्हणजे कर्ज दिले, तेवढा मोबदला पुरेसा असतो.

मग कम्फर्ट लेटर काय असते?

होल्डिंग कंपनीने आपल्या लेटरहेडवर बँकेला लिहिलेले पत्र. उपकंपनीचे कर्ज आम्हाला माहीत आहे, तिच्या पाठीशी आम्ही आहोत, अशा अर्थाचा मजकूर त्यात असतो, पण ‘तिने नाही दिले तर आम्ही देऊ’ हे वाक्य नसते. भारतीय कायद्यात ‘कम्फर्ट लेटर’ अशी वेगळी व्याख्या नाही. त्यामुळे ‘कम्फर्ट लेटर बंधनकारक असते का’ या प्रश्नाचे सरसकट उत्तर देता येत नाही. एकाच पत्रातले एक वाक्य बांधणारे आणि त्याच्या खालचे न बांधणारे, असे सर्रास असते. म्हणून पत्र वाक्यावाक्याने वाचावे लागते.

2018 पर्यंत आयातदारांसाठी बँका परदेशी बँकांना लेटर ऑफ अंडरटेकिंग आणि लेटर ऑफ कम्फर्ट देत असत. पंजाब नॅशनल बँकेतला घोटाळा उघड झाल्यावर रिझर्व्ह बँकेने 13 मार्च 2018 ला आयातीच्या व्यापारी कर्जासाठी ती पद्धत बंद केली. ती पत्रे बँका देत होत्या. इथला विषय होल्डिंग कंपनीच्या पत्राचा आहे, त्यावर ती बंदी नाही.

‘आमचे धोरण आहे’ या शब्दांवरून इतका वाद का होतो?

कारण याच शब्दांवर या विषयातला सर्वात प्रसिद्ध खटला लढला गेला: क्लाइनवर्ट बेन्सन विरुद्ध मलेशिया मायनिंग कॉर्पोरेशन. तो जरा सविस्तर सांगते, कारण आजही बँकांचे वकील आणि कंपन्यांचे वकील मसुद्यावर बसतात तेव्हा दोघांच्याही डोक्यात तोच असतो.

मलेशियातल्या या खाणकंपनीने लंडनच्या धातुबाजारात कथिलाचा व्यापार करायला एक उपकंपनी काढली. क्लाइनवर्ट बेन्सन ही लंडनची बँक तिला कर्जसुविधा देणार होती, आधी पन्नास लाख पौंडांची आणि पुढे एक कोटी पौंडांची. बँकेने मूळ कंपनीकडे गॅरंटी मागितली. कंपनी म्हणाली, गॅरंटी देत नाही, कम्फर्ट लेटर देतो. बँकेने ते मान्य केले आणि त्या बदल्यात दर थोडा चढा लावला.

पत्रात तीन गोष्टी होत्या. सुविधेची माहिती आणि संमती हा पहिला परिच्छेद. सुविधा चालू असेपर्यंत उपकंपनीतली मालकी कमी करणार नाही हा दुसरा. आणि तिसरा, ज्यावर सगळे अडले, तो असा: उपकंपनीचा व्यवसाय तुमची देणी फेडण्याच्या स्थितीत सदैव राहील हे पाहणे, हे आमचे धोरण आहे.

ऑक्टोबर 1985 मध्ये कथिलाचे भाव सावरून धरणाऱ्या आंतरराष्ट्रीय कथिल परिषदेचे पैसे संपले आणि बाजार एका दिवसात कोसळला. उपकंपनी बुडाली. बँकेने मूळ कंपनीकडे पैसे मागितले, तिने नकार दिला. पहिल्या न्यायाधीशांनी बँकेच्या बाजूने निकाल दिला. व्यापारी लोकांनी पैशाच्या व्यवहारात दिलेले पत्र गांभीर्यानेच दिलेले असते, असा त्यांचा रोख होता. 1989 मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला. न्यायालय म्हणाले की हे वाक्य त्या दिवशीचे धोरण काय होते ते सांगते. धोरण पुढे कधीच बदलणार नाही, असे वचन त्यात नाही. शेजारच्याच परिच्छेदात ‘मालकी कमी करणार नाही’ असे सरळ भविष्यातले वचन होते. म्हणजे वचन कसे लिहायचे हे दोन्ही बाजूंना ठाऊक होते, आणि इथे ते लिहिले नाही. शिवाय गॅरंटी मागून ती नाकारली गेली होती, आणि हे पत्र तिच्या जागी आले होते.

माझ्या मते शेवटचा मुद्दा सर्वात वजनदार आहे. तुमच्या फाइलमध्ये ‘गॅरंटी द्या’ आणि ‘गॅरंटी देता येणार नाही, पत्र देतो’ असा ईमेलचा व्यवहार असेल, तर तो जपून ठेवा. पुढे पत्राचा अर्थ लावताना तो पाहिला जातो.

म्हणजे ‘धोरण’ लिहिले की कंपनी सुटली?

इतके गृहीत धरू नका. त्याच 1989 साली ऑस्ट्रेलियात, न्यू साउथ वेल्सच्या न्यायालयापुढे बांक ब्रुसेल्स लँबर्ट विरुद्ध ऑस्ट्रेलियन नॅशनल इंडस्ट्रीज हा खटला आला. तिथेही शब्द जवळपास तसेच होते: संबंधित कंपनी आपली देणी वेळच्या वेळी फेडण्याच्या स्थितीत सदैव राहील हे पाहणे, ही आमची पद्धत आहे. शेअर विकायचे झाल्यास नव्वद दिवसांची सूचना देऊ, असेही त्यात होते. त्या न्यायाधीशांनी पत्र बंधनकारक ठरवले. व्यापाऱ्यांच्या गंभीर दस्तऐवजाचा व्याकरणाच्या सुरीने चिरून अर्थ लावू नये, असे त्यांचे मत होते.

हे दोन्ही निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाहीत, पण दोन्ही बाजूंचे वकील ते वाचून दाखवतात. एकाच प्रकारचे वाक्य दोन ठिकाणी दोन तऱ्हेने वाचले गेले, म्हणून मसुदा करताना ‘धोरण’ या एका शब्दावर विसंबून राहू नये.

आपल्याकडे न्यायालयांनी काय म्हटले आहे?

मुंबई उच्च न्यायालयात 2020 मध्ये येस बँक आणि झी एंटरटेनमेंट यांच्यात असा वाद आला. झीने बँकेला दिलेल्या लेटर ऑफ कम्फर्टमध्ये आपल्या मॉरिशसमधल्या उपकंपनीला भांडवल किंवा कर्ज पुरवून पाठबळ देण्याचा इरादा व्यक्त केला होता. ही वस्तुतः आर्थिक गॅरंटीच आहे, असे म्हणत बँकेने तातडीचा अंतरिम आदेश मागितला. 30 जूनला तो नाकारला गेला आणि अपिलातही ऑगस्टमध्ये बँकेला तो मिळाला नाही. मात्र हे अंतरिम टप्प्यावरचे आदेश आहेत. पूर्ण पुरावा होऊन दिलेला अंतिम निकाल म्हणून त्यांच्याकडे पाहू नये.

दुसऱ्या बाजूला डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चायना डेव्हलपमेंट बँक विरुद्ध दोहा बँक या प्रकरणात निकाल दिला. रिलायन्स इन्फ्राटेलच्या दिवाळखोरीतला तो वाद होता. कागदाचे नाव हायपोथिकेशनचे, म्हणजे मालमत्ता तारण ठेवल्याचे होते. पण आत एक कलम होते की तारण विकून आलेले पैसे पुरले नाहीत तर उरलेली तूट आम्ही भरू. न्यायालयाने सांगितले की नाव काहीही असो, हा मजकूर कलम 126 मधली हमीच आहे.

दोन्ही प्रकरणांत नजर एकाच गोष्टीवर होती: दुसऱ्याचे देणे बँकेला चुकते करण्याचे वचन कागदात आहे का?

एखादे पत्र प्रत्यक्ष कसे वाचायचे? उदाहरण देऊन सांगाल का?

एक काल्पनिक पण रोजच्यातले उदाहरण घेऊ. वागळे इस्टेटमध्ये पंपांचे सुटे भाग बनवणारी कंपनी आहे. तिने तळोजा एमआयडीसीत पावडर कोटिंगसाठी वेगळी कंपनी काढली. तिचे 74 टक्के शेअर वागळेच्या कंपनीकडे, उरलेले एका भागीदार इंजिनीअरकडे. बँकेने तळोजाच्या कंपनीला सहा कोटी मंजूर केले: चार कोटी कॅश क्रेडिट आणि दोन कोटी टर्म लोन. सँक्शन लेटरमध्ये होल्डिंग कंपनीची कॉर्पोरेट गॅरंटी मागितली होती. वागळेच्या कंपनीची अडचण अशी की तिच्या स्वतःच्या बँकेची अट आहे, आमच्या परवानगीशिवाय कोणाला गॅरंटी द्यायची नाही. म्हणून पत्रावर बोलणे सुरू झाले. मसुदा बँकेकडून तीनदा फिरून आला आणि त्यात शेवटी पाच वाक्ये झाली.

पहिले वाक्य: ‘सदर कर्जसुविधेची आम्हास माहिती असून त्यास आमची संमती आहे.’ हे वस्तुस्थितीचे कथन आहे. यातून पैसे देण्याची जबाबदारी येत नाही. फक्त उद्या ‘आम्हाला न विचारता कर्ज घेतले’ असे म्हणता येणार नाही.

दुसरे: ‘उपकंपनीच्या भागभांडवलात आमचा वाटा 74 टक्के असून, आपणास 60 दिवसांची लेखी सूचना दिल्याशिवाय आम्ही तो 51 टक्क्यांच्या खाली आणणार नाही.’ याचे दोन भाग आहेत. वाटा 74 टक्के आहे, हे आजचे विधान. ते खोटे असेल, आणि बँकेने त्यावर विसंबून पैसे दिले असतील, तर चुकीचे निवेदन किंवा फसवणूक म्हणून करार कायद्याची कलमे 17 ते 19 पुढे येतात. सूचना दिल्याशिवाय विकणार नाही, हे मात्र सरळ वचन आहे आणि ते बांधते. गुपचूप शेअर विकले तर करारभंग होईल. पण कर्ज थकले ते शेअर विकल्यामुळेच, की पावडरचे भाव वाढल्यामुळे? नुकसानीचा हा दुवा बँकेला सिद्ध करावा लागेल.

तिसरे: ‘उपकंपनी आपली देणी वेळेवर फेडण्याच्या स्थितीत राहावी, हे आमचे धोरण आहे.’ लंडनच्या खटल्यातले वाक्य. त्याची दोन्ही वाचने वर आलीच.

चौथे, जे बँकेने दुसऱ्या फेरीत घातले: ‘परतफेडीसाठी उपकंपनीकडे पुरेसा निधी राहील अशी व्यवस्था आम्ही करू.’ इथे ‘धोरण’ गेले आणि ‘आम्ही करू’ आले. मालक मंडळी हे वाक्य सहज सोडून देतात, कारण त्यात ‘गॅरंटी’ हा शब्द दिसत नाही. पण हे भविष्यातले वचन आहे आणि ते बँकेला उद्देशून आहे. पैसे बँकेला देण्याऐवजी उपकंपनीत आणण्याचे ते वचन असल्यामुळे याला कलम 126 ची हमी म्हणणे अवघड आहे. तरी तो करार ठरू शकतो, आणि मोडला तर बँक कलम 73 खाली नुकसानभरपाई मागू शकते.

पाचवे, जे बँकेच्या लीगल विभागाने शेवटच्या फेरीत शेपटाला जोडले: ‘उपकंपनीने भरणा करण्यात कसूर केल्यास, आपली मागणी येताच थकीत रक्कम आम्ही आपणास अदा करू.’ ही शुद्ध गॅरंटी आहे. पत्राच्या माथ्यावर ठळक अक्षरांत ‘लेटर ऑफ कम्फर्ट’ असले तरी काही फरक पडत नाही.

कर्ज थकल्यावर या वाक्यांमुळे प्रत्यक्षात काय फरक पडतो?

समजा तळोजाच्या कंपनीचे खाते एनपीए झाले तेव्हा येणे होते 4 कोटी 60 लाख. माल आणि मशिनरी विकून 1 कोटी 90 लाख आले असते असे धरू.

पाचवे वाक्य असेल तर बँक विक्रीची वाट न बघता पूर्ण 4 कोटी 60 लाख वागळेच्या कंपनीकडे मागू शकते. कर्जवसुली न्यायाधिकरणात उपकंपनी आणि हमीदार या दोघांनाही प्रतिवादी करता येते. त्याहून गंभीर म्हणजे, दिवाळखोरी संहितेच्या कलम 5(8) मध्ये कर्जाच्या हमीपोटीची जबाबदारीसुद्धा ‘वित्तीय ऋण’ धरली आहे. कसूर एक कोटी किंवा त्याहून जास्त असेल तर बँक वागळेच्या, नीट चालणाऱ्या कंपनीवरच राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात अर्ज करू शकते. अर्ज दाखल झाल्याची बातमी पसरली की पुरवठादार उधारी थांबवतात. म्हणून गॅरंटी असलेली कंपनी बहुधा नोटीस येताच तडजोडीला बसते.

पत्र चौथ्या वाक्यावर संपत असेल तर बँकेला आधी वचन मोडले हे दाखवावे लागेल, मग त्यामुळे नुकसान किती झाले ते. तारण विकून 1 कोटी 90 लाख वळते केल्यावर उरणाऱ्या 2 कोटी 70 लाखांभोवती तो वाद फिरेल, आणि नुकसान कमी करण्यासाठी बँकेने काय केले हेही विचारले जाईल. नुकसानभरपाईची मागणी ठरेपर्यंत ते ‘ऋण’ आहे का, यावरच कंपनीचा वकील पहिली हरकत घेईल. त्यामुळे मामला दिवाणी दाव्याच्या वाटेने जातो आणि लांबतो.

पत्र तिसऱ्या वाक्यावर संपले तर बँकेच्या हाती उरतो तो दबाव. त्याच समूहाला पुढे कर्ज हवे असते, त्यामुळे अनेक होल्डिंग कंपन्या कायद्याने बांधलेल्या नसतानाही पैसे भरतात. तो व्यवहाराचा निर्णय झाला. तसे पैसे भरताना मी कंपनीला कव्हरिंग लेटरमध्ये इतके लिहायला सांगते की हा भरणा कोणतीही कायदेशीर जबाबदारी मान्य न करता केला आहे.

पत्र बंधनकारक नाही असे सरळ लिहून टाकता येते का?

येते, आणि लिहावेच. ‘या पत्रातून कोणतीही गॅरंटी किंवा कायदेशीर बंधन निर्माण होत नाही’ असे एक वाक्य सगळा संशय मिटवते. बँक ते सहसा स्वीकारत नाही. मग मधला मार्ग असा की कोणते परिच्छेद बांधतात आणि कोणते नाहीत हे पत्रातच सांगायचे: परिच्छेद दोन बंधनकारक, तीन फक्त माहितीसाठी. मात्र खाली हे वाक्य लिहून वर पाचवे वाक्य ठेवू नका. दोन्ही एकमेकांविरुद्ध उभे राहतात आणि त्यातून फक्त खटला निघतो.

बँकेच्या खुर्चीत बसून पाहिले तर उलटे खरे आहे. तुम्हाला पैसेच हवे असतील तर गॅरंटी घ्या. पत्रात शब्द घुसवून तिची भरपाई होत नाही.

मालकांनी तोंडी शब्द दिला असेल तर?

शाखेतल्या बैठकीत ‘साहेब, मी बसलोय ना, काळजी करू नका’ असे मॅनेजिंग डायरेक्टर म्हणतात आणि चहा येतो. हा प्रसंग मी अनेकदा समोर बसून पाहिला आहे. लोकांना वाटते की लेखी नाही म्हणजे काहीच नाही. इंग्लंडमध्ये गॅरंटी लेखी लागते. आपल्या कलम 126 मध्ये मात्र हमी तोंडी किंवा लेखी असू शकते असे स्पष्ट लिहिले आहे.

व्यवहारात असे तोंडी बोलणे गॅरंटी म्हणून सिद्ध करणे बँकेला फार कठीण जाते, आणि तो शब्द कंपनीचा की माणसाचा स्वतःचा, हा प्रश्न उरतोच. पण त्याच संध्याकाळी ‘आज ठरल्याप्रमाणे तळोजाच्या खात्यात तूट आल्यास आम्ही भरू’ असा ईमेल गेला, तर चित्र बदलते. असा ईमेल पाठवण्यापूर्वी वकिलाला दाखवा.

कंपनी कायद्याचे कोणते सोपस्कार लागतात?

गॅरंटीला कंपनी कायदा 2013 चे कलम 186 लागू होते. बोर्डाच्या बैठकीत हजर असलेल्या सर्व संचालकांच्या संमतीने ठराव लागतो. भरणा झालेले भांडवल, मोकळा राखीव निधी आणि सिक्युरिटीज प्रीमियम यांच्या बेरजेच्या 60 टक्के, किंवा राखीव निधी आणि प्रीमियम यांच्या 100 टक्के, यांपैकी जी रक्कम मोठी ती मर्यादा. त्यावर जायचे तर भागधारकांचा विशेष ठराव लागतो. पूर्ण मालकीच्या उपकंपनीसाठी दिलेल्या गॅरंटीला या विशेष ठरावातून सूट आहे, पण आपल्या उदाहरणात मालकी 74 टक्के असल्याने ती मिळणार नाही. गॅरंटीची नोंद रजिस्टरमध्ये करावी लागते आणि ताळेबंदाच्या टिपांत ती संभाव्य देणे म्हणून दिसते.

कम्फर्ट लेटरसाठी कलम 186 मध्ये वेगळा उल्लेख नाही, म्हणून कंपन्या तो रस्ता पसंत करतात. मी तरीही बोर्डाचा ठराव करूनच पत्र द्यायला सांगते. ठरावात ‘हे पत्र गॅरंटी म्हणून दिलेले नाही’ असे नोंदवले की हेतूचा पुरावा तयार होतो. आणि ऑडिटरला पत्राची प्रत द्या, नुसते शीर्षक सांगू नका. मजकूर गॅरंटीचा निघाला तर सगळे सोपस्कार चुकल्याचा ठपका येतो.

जीएसटी लागतो का?

कॉर्पोरेट गॅरंटीवर लागतो. 26 ऑक्टोबर 2023 पासून नियम 28(2) प्रमाणे संबंधित कंपनीसाठी दिलेल्या गॅरंटीचे मूल्य हमीच्या रकमेच्या वर्षाला एक टक्का, किंवा प्रत्यक्ष घेतलेला मोबदला, यांपैकी जास्त ते धरतात. सहा कोटींच्या गॅरंटीवर मूल्य सहा लाख, 18 टक्क्यांनी कर वर्षाला 1 लाख 8 हजार. उपकंपनीला पूर्ण इनपुट क्रेडिट मिळत असेल तर इनव्हॉइसवर दाखवलेले मूल्यच मान्य होते. नियमाची भाषा गॅरंटीची आहे, कम्फर्ट लेटरची नाही. पण पाचवे वाक्य असलेल्या पत्राला अधिकारी गॅरंटी म्हणू शकतात.

ऑडिटरला दिलेले सपोर्ट लेटर बँकेला चालते का?

तोट्यातली उपकंपनी पुढचे वर्षभर चालू राहील का, हे तपासताना ऑडिटर होल्डिंग कंपनीकडून सपोर्ट लेटर मागतात. ते उपकंपनीच्या बोर्डाला किंवा ऑडिटरला उद्देशून असते. उपकंपनीचे अकाउंटंट कधीकधी तेच पत्र ताळेबंदासोबत बँकेच्या फाइलमध्ये लावतात. असे करू नका. पत्रात ‘फक्त ऑडिटसाठी, तिसऱ्या पक्षाने विसंबू नये’ असे लिहून घ्या. बँकेनेही त्या पत्राला आधार समजू नये, कारण ते तिला दिलेलेच नाही.

रेटिंगचेही तसेच. होल्डिंग कंपनीच्या पाठबळावर बँक कर्जाचे रेटिंग उंचावायचे असेल तर ते पाठबळ बिनशर्त, रद्द न होणारे आणि कायद्याने अंमलात आणता येणारे हवे, असे रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये रेटिंग संस्थांना कळवले. कम्फर्ट लेटर त्यात बसत नाही.

बँकेने नंतर मर्यादा वाढवली तर जुना कागद लागू राहतो का?

गॅरंटीच्या बाबतीत करार कायद्याचे कलम 133 म्हणते की हमीदाराच्या संमतीशिवाय करारात बदल केला तर त्यानंतरच्या व्यवहारांपुरता हमीदार मोकळा होतो. पण बँकांच्या छापील गॅरंटीत हा हक्क सोडून दिल्याचे कलम हमखास असते, त्यामुळे सही करण्यापूर्वी ते शोधा आणि निदान रकमेची कमाल मर्यादा घालून घ्या. पत्रात तर रक्कम, सँक्शन लेटरचा क्रमांक आणि तारीख घालाच. ‘आपण वेळोवेळी दिलेल्या सर्व सुविधा’ हे शब्द दिसले तर खोडून मागा. सहा कोटींचे आठ झाले की बँक नवे पत्र मागेल, तेव्हा पुन्हा बोलता येते.

एकदा दिलेले पत्र मागे घेता येते का?

चालू खात्यासारख्या सुविधेवरची, म्हणजे अखंड चालणारी गॅरंटी कलम 130 प्रमाणे पुढच्या व्यवहारांसाठी नोटीस देऊन मागे घेता येते, करारात तसे न करण्याचे कबूल केले नसेल तर. आधी उचललेल्या रकमेची जबाबदारी राहते. नोटीस गेली की बँक बहुधा नवे पैसे देणे थांबवते, हे लक्षात घेऊनच ती द्यावी.

कम्फर्ट लेटरमध्ये मुदत लिहिलेली असली की प्रश्न सुटतो. नसेल, आणि होल्डिंग कंपनीचे धोरण खरोखर बदलले असेल, तर ते बँकेला लगेच लेखी कळवा. धोरण बदलूनही गप्प राहिलात आणि बँक जुन्या पत्रावर विसंबून पैसे देत राहिली, तर तुमची बाजू कमजोर होते.

कर्ज फिटल्यावर नो ड्यूज सर्टिफिकेट घेताना मूळ पत्रही परत मागा. शाखा म्हणाली की ते मुख्य कार्यालयात आहे किंवा सापडत नाही, तर पत्र रद्द झाल्याचे बँकेच्या सही-शिक्क्याने लिहून घ्या आणि ते बोर्डाच्या पुढच्या बैठकीत नोंदवून फाइलला लावा.